पाणी साठवून पाहिलेले ४८ तास

आमचं घर तीस वर्षांचं, चौथ्या मजल्यावरचं. दोन्ही बाथरूमच्या भिंतींना ओल होती, वायरिंग मूळचंच होतं आणि स्वयंपाकघर मोडकळीला आलेलं. गेल्या वर्षी सगळंच एकदम करायचं ठरवलं. कामावर देखरेख मी करणार होते, म्हणून काम सुरू होण्याआधीचे दोन महिने मी फक्त कागदावर घालवले. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कुठे अडलो, हे सविस्तर लिहिते. सगळी गोष्ट शेवटी एका बाथरूमभोवती फिरली, त्यामुळे जास्त वेळ तिथेच थांबणार आहे.

पहिला कागद पैशांचा होता. हातातली एकूण रक्कम मी १०० भाग धरली. त्यातले ८२ भाग कामं आणि खरेदीला, ३ भाग इंजिनिअरची फी, परवानग्या आणि राबिट उचलण्याच्या खर्चाला, आणि १५ भाग राखीव. सोसायटीने अनामत रक्कम मागितली होती. ती खर्चात धरली नाही, पण काम संपेपर्यंत ती अडकून राहणार होती, म्हणून तेवढी रोकड वेगळी काढली. कॉन्ट्रॅक्टरकडून एकरकमी आकडा न घेता मापाप्रमाणे दर घेतले: तोडफोड किती चौरस फूट, गिलावा किती, वॉटरप्रूफिंग किती, विजेचे पॉइंट किती. एकरकमी आकड्यात काय धरलंय आणि काय नाही हे कळत नाही. मापावर दर असले की काम वाढलं तर किती वाढलं हे दोघांनाही मोजता येतं.

राखीव १५ भागांबद्दल घरात आधीच ठरवून घेतलं की ते फक्त न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. फरशीखाली, भिंतीत, सामाईक डक्टमध्ये जे निघेल त्यासाठी. पुढे ओट्यासाठी आम्हा दोघांना एक महाग दगड आवडला, तेव्हा त्याचे जास्तीचे पैसे बेडरूमच्या कपाटाचा एक भाग कमी करून काढले. आवडीची वस्तू राखीव पैशांतून घेतली असती, तर तिसऱ्या आठवड्यात स्लॅब उघडला तेव्हा हात बांधले गेले असते.

आम्ही काम चालू असताना जवळच भाड्याने राहणार होतो. वेळापत्रक १२ आठवड्यांचं झालं होतं, पण घर १५ आठवड्यांसाठी घेतलं. जास्तीच्या तीन आठवड्यांचं भाडं राखीव भागात धरलं, कारण उशीर झाला की तो पहिल्यांदा भाड्याच्या रूपात दिसतो.

परवानग्यांना चार आठवडे लागले आणि ते मी १२ आठवड्यांत धरलेच नव्हते. ते चार आठवडे काम सुरू होण्याआधीचे. सोसायटीच्या कमिटीची बैठक महिन्यातून एकदा, त्यामुळे अर्ज एक दिवस उशिरा गेला तर पूर्ण महिना जातो. अर्जासोबत सध्याचा नकाशा, बदलांचा नकाशा, कॉन्ट्रॅक्टरची माहिती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र दिलं. आम्हाला स्वयंपाकघर आणि जेवणाच्या जागेमधली भिंत काढायची होती. इंजिनिअर मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. भिंतीच्या वर बीम आहे आणि भिंत फक्त विटांची आहे, भार घेणारी नाही, हे तपासून त्यांनी लिहून दिलं. पण त्या भिंतीच्या टोकाला जो जरासा पुढे आलेला भाग होता, तो कॉलम होता. आम्हाला तो विटांचाच वाटत होता. त्याला हातही लावायचा नाही, त्यात वायरसाठी खाचसुद्धा पाडायची नाही, असं त्यांनी नकाशावर लाल पेनाने लिहिलं. भिंतीत किती खोल खाच पाडायची याचाही नियम त्यांनी इलेक्ट्रिशियनला समजावला: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी तर एक षष्ठांशापेक्षा नको. आडवी खाच भिंतीला जास्त कमकुवत करते, म्हणून वायर शक्यतो वरून खाली उभ्या आणायच्या.

परवानगी येण्याआधी मी कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ रक्कम दिली नाही. परवानगीच्या पत्रात आवाजाच्या कामाच्या वेळा होत्या, सकाळी काही तास आणि दुपारी काही तास. तोडफोडीचा अंदाज त्या तासांवर नव्याने काढावा लागला. पाच दिवसांचं काम सात दिवसांचं झालं. पत्र आधी हातात असल्यामुळे ते कागदावरच झालं.

कामांचा क्रम ठरवताना मला एक गोष्ट उशिरा समजली. कारागिराला लागणारा वेळ थोडा असतो, त्याच्यामागे वाळायला आणि मुरायला लागणारा वेळ मोठा असतो. गिलाव्याला दोन दिवस, पण त्यावर पाणी मारायला किमान सात. वॉटरप्रूफिंगचे दोन हात दोन दिवसांत, पण त्यानंतर ते सुकणं आणि पाणी भरून तपासणी. म्हणून वेळापत्रक लिहिताना प्रत्येक कामासमोर दोन रकाने केले, माणसाचे दिवस आणि वाट पाहण्याचे दिवस. दुसऱ्या रकान्यातले दिवस जास्त माणसं लावून कमी होत नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने ‘चार माणसं वाढवतो, आठवडा वाचवतो’ असं म्हटलं की मी विचारायचे, कुठल्या रकान्यातला?

क्रम असा होता: तोडफोड, मग पाण्याच्या पाइपलाइन आणि भिंतीतल्या वायरच्या नळ्या, त्यांची तपासणी, मग गिलावा, मग बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून परीक्षा, मग फरशी आणि भिंतीच्या टाइल्स. त्यानंतर स्वयंपाकघराची अंतिम मापं, फॉल्स सीलिंग, पुट्टी, प्राइमर, रंगाचे पहिले हात. शेवटी कपाटं, नळ, दिवे आणि रंगाचा शेवटचा हात. पाणी असलेली कामं आधी आणि कोरडी नंतर, ही त्यातली मुख्य रेघ. तीन आठवड्यांची सवड मी त्या रेघेच्या आधी ठेवली. तोपर्यंत लाकूड किंवा रंगाची कुठलीच तारीख पक्की केली नाही.

खरेदीचाही क्रम लागतो आणि तो कामाच्या क्रमाशी जुळत नाही. पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा डायव्हर्टर शेवटी दिसतो, पण त्याचा मुख्य भाग भिंतीत गाडला जातो, म्हणजे प्लंबर येण्याआधी तो घरात हवा. त्या भागावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात आणि ती खोली पूर्ण झालेल्या टाइलच्या तोंडापासून मोजायची असते. त्यामुळे टाइलची जाडीही त्याच वेळी ठरलेली हवी. आमचा हिशेब होता १२ मिलिमीटर गिलावा, ४ मिलिमीटर चिकटवण्याचं मिश्रण, ९ मिलिमीटर टाइल, एकूण २५. प्लंबरने त्याप्रमाणे डायव्हर्टर बसवला. गिलाव्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी ओळंबा सोडला तर शॉवरची भिंत वरून खाली १० मिलिमीटर बाहेर. ती सरळ करायला डायव्हर्टरच्या जागी गिलावा १२ ऐवजी २० मिलिमीटर जाडीचा लागणार होता, म्हणजे डायव्हर्टर खुणेपेक्षा खोल जाणार. मग त्याला पुढे सरकवून पुन्हा जोडलं आणि पाइपलाइनची दाबचाचणी पुन्हा घेतली. दोन दिवस गेले. ओळंबा प्लंबर येण्याआधी सोडला असता, तर गेले नसते.

दाबचाचणीही मी स्वतः उभी राहून पाहिली. सगळी तोंडं बंद करून हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट पाणी भरलं, गेजवरचा आकडा लिहिला, फोटो काढला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा जरासा खाली होता. प्लंबर म्हणाले, ‘लाइनमध्ये हवा राहिली असेल.’ हवा असली तर आकडा आधी पडतो आणि मग थांबतो, गळती असली तर पडतच राहतो. हवा काढून पुन्हा भरलं आणि काटा दिवसभर हलला नाही. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढला, कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे हे दिसेल असा. पुढे आरसा आणि रॅक बसवताना ते फोटो रोज लागले.

आता मुख्य बाथरूमबद्दल. तोडफोडीत जुना भराव काढला आणि खालचा स्लॅब उघडा पडला. मिस्त्रींनी हातोडीने जागोजागी ठोकून दाखवलं. चांगल्या काँक्रीटवर ठणठणीत आवाज येत होता, पण नहाणी ट्रॅपच्या भोवती, साधारण दोन फूट लांब-रुंद पट्ट्यात, आवाज बसका आणि पोकळ. तिथे छिन्नी लावताच वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला आणि आतल्या सळ्या तपकिरी, फुगलेल्या दिसल्या. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कितीतरी वाढतं आणि ते आतून काँक्रीट फोडतं. तीस वर्षं ट्रॅपच्या सांध्यातून थोडंथोडं पाणी तिथे उतरत होतं.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं की वरून चांगलं वॉटरप्रूफिंग केलं की पाणी बंद, मग गंज वाढणार नाही. मी काम थांबवून मॅडमना बोलावलं. त्यांनी सांगितलं की आत गंजलेला थर ठेवून वर काहीही लावलं तरी ते खालून सुटणार. मग भुसभुशीत काँक्रीट सळ्यांच्या मागून मोकळं होईपर्यंत काढलं, तारेच्या ब्रशने सळ्या चकाकेपर्यंत घासल्या. दोन सळ्या बऱ्याच झिजल्या होत्या, त्यांच्या बाजूला नव्या जोडल्या. गंजरोधक लेप, त्यावर जुनं-नवं जोडणारा लेप, त्यावर दुरुस्तीचं खास मिश्रण आणि ओल्या गोणपाटाखाली सात दिवस. स्लॅबला हात लागला म्हणून सोसायटीला पुन्हा पत्र द्यावं लागलं, पण मॅडमचं टिपण सोबत असल्याने ते एका दिवसात झालं. याचा खर्च राखीव रकमेतले ५ भाग. सामाईक डक्टमधली आमची जुनी लोखंडी पाइप कुजलेली निघाली, तिचे ३ भाग. वेळ मात्र सात दिवस गेला, कारण ते सात दिवस वाट पाहण्याच्या रकान्यातले होते.

सहाव्या आठवड्यात वॉटरप्रूफिंग झालं. भिंत आणि तळ मिळतात तिथे कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढला, कारण काटकोनात लेप ताणला जाऊन चिरतो. लेपाचे दोन हात एकमेकांच्या आडव्या दिशेने दिले, भिंतीवर सगळीकडे एक फूट वर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. तो पूर्ण सुकल्यावर ट्रॅपला रबरी बूच लावलं, दाराशी विटेचा छोटा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरलं.

परीक्षा कशी वाचायची, हे मला मॅडमनी शिकवलं. पाणी उन्हा-वाऱ्याने उडूनही कमी होतं, मग गळती आहे की बाष्पीभवन हे कसं ओळखायचं? त्यांनी सांगितलं, त्याच बाथरूममध्ये, त्याच पाण्याच्या शेजारी, एका पसरट परातीत तेवढंच पाणी भरून ठेवा. मी भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण केली, दाराजवळ स्टीलची पट्टी उभी चिकटवली आणि परातीतही एक पट्टी ठेवली. ४८ तासांनी परातीतलं पाणी २ मिलिमीटर उतरलं होतं आणि जमिनीवरचं ९. फरक ७ मिलिमीटरचा. डोळ्यांनी बघितलं असतं तर पाणी जवळपास तेवढंच वाटलं असतं.

आम्ही खालच्या काकूंकडे गेलो. त्यांच्या बाथरूमच्या छतावर आमच्या ट्रॅपची पाइप उतरते, तिच्या भोवती तळहाताएवढा ओला गोल उमटला होता. काकूंना काम सुरू होण्याआधीच भेटून त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे डाग आधीचा की आताचा, हा वाद झाला नाही. त्यांनी दार उघडून आम्हाला हवं तेव्हा येऊ दिलं. ती मदत नसती तर गळती कुठून, हे शोधायला आणखी दिवस गेले असते.

तरीही लेप कुठे फुटला हे सिद्ध करायचं होतं. पाणी काढलं, ट्रॅपच्या भोवती चिकणमातीचं कडं केलं आणि कड्याच्या बाहेरच पाणी भरलं. एका दिवसात बाहेरचं पाणी परातीइतकंच उतरलं. म्हणजे तळ आणि कोपरे ठीक होते, दोष कड्याच्या आत. बूच गळत असेल का, म्हणून नवीन बूच लावून कड्याच्या आत पाणी भरलं तरी ते उतरलं. आता फक्त ट्रॅपच्या गळ्याचा आणि काँक्रीटचा सांधा उरला. प्लास्टिकचा ट्रॅप आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात. त्या जोडावर नुसता लेप पुरत नाही, आतून लवचीक पट्टी लागते. ती लावलीच नव्हती. कॉन्ट्रॅक्टरने ते मान्य केलं आणि आपल्या खर्चाने सांधा खरवडून पट्टी बसवून दोन हात पुन्हा दिले. दुसऱ्या परीक्षेत जमिनीवर २ मिलिमीटर, परातीत २ मिलिमीटर. काकूंचं छत सुकं. या सगळ्यात सहा दिवस गेले.

इथे टाइल आधी बसवून पाणी नंतर तपासायचा आग्रह झाला होता. टाइल्सचे मिस्त्री त्यांच्या ठरल्या तारखेला हजर झाले होते आणि बाथरूम तयार नव्हतं. त्यांना परत पाठवलं तर ते दुसऱ्या कामावर गेले असते आणि मग कधी येतील ते सांगता आलं नसतं. मी वेळापत्रक उघडून बघितलं तेव्हा दिसलं की स्वयंपाकघराची फरशी बाथरूमवर अवलंबून नाहीच. ती आपण सवयीने नंतर लिहिली होती. त्याच दिवशी त्यांना स्वयंपाकघरात लावलं. त्यामुळे अंतिम मापं ठरल्या दिवशीच घेता आली आणि स्वयंपाकघराची कपाटं बनवायला कारखान्यात लागणारे चार आठवडे वेळेवर सुरू झाले. ती मापं आधी नकाशावरून द्यायचा मोह होता. नकाशावर भिंत २७४० मिलिमीटर होती, गिलावा आणि टाइल्स झाल्यावर मोजली तर २७१८. नकाशावरून कापलेली कपाटं आत गेलीच नसती.

बाथरूमच्या बाजूने एकूण १५ दिवस गेले: डायव्हर्टरचे दोन, स्लॅबचे सात, सांध्याचे सहा. पण फरशीचा क्रम बदलल्यामुळे पूर्ण घर फक्त आठ दिवस उशिरा झालं. १२ आठवड्यांऐवजी आम्ही १३ आठवडे आणि एका दिवसाने आत आलो. जास्तीच्या भाड्याला राखीव रकमेतला १ भाग गेला. राखीव १५ पैकी ९ खर्च, ६ शिल्लक. बाथरूमच्या टाइल्स लागून भिंती-जमिनी बंद झाल्या, त्या दिवसापर्यंत त्या ६ भागांना मी हात लावला नाही. त्यानंतर नवीन काही निघण्याची शक्यता फारच कमी राहते, म्हणून त्यातले ३ मोकळे केले आणि बेडरूमच्या कपाटाचा कमी केलेला भाग परत मिळवला.

रंगात मी एकदा घाई करणार होते. नवीन गिलाव्यावर पुट्टी मारायला रंगारी दोन आठवड्यांतच तयार होते, कारण वरून भिंत पांढरी, कोरडी दिसत होती. एका संध्याकाळी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवून ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते आणि टेप काढली तर खालचा गिलावा गडद. आतली ओल अजून बाहेर येत होती. अशा भिंतीवर रंग लावला तर तो फुगून पापुद्रे येतात किंवा पांढरे क्षार उमटतात. त्या भिंतीला आणखी दोन आठवडे दिले आणि तोवर जुन्या, सुक्या भिंतींचा रंग पुढे घेतला. पुढच्या तपासणीत प्लास्टिक आतून कोरडं होतं.

कॉन्ट्रॅक्टरचे पैसे टप्प्यांनी दिले आणि प्रत्येक टप्पा तारखेला न बांधता तपासणीला बांधला: दाबचाचणी, पाण्याची परीक्षा, टाइल्सवर पोकळ आवाज नसणं. शेवटचे १० टक्के दोन्ही बाथरूम महिनाभर रोज वापरल्यानंतर द्यायचे असं करारातच लिहिलं होतं. राहायला आल्यावर एका महिन्याने मी काकूंकडे जाऊन त्यांच्या छताचा पुन्हा फोटो काढला. ओल्या गोलाची पुसट कडा तेवढी उरली होती, हाताला कोरडी लागली. त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरची उरलेली रक्कम दिली आणि काकूंच्या छताला रंगाचा एक हात आमच्याकडून मारून दिला.